बँकेतली दुसरी पाइपलाइन

तीस वर्षांपूर्वी बडोद्याबाहेरच्या एका कारखानदार संघाने चाळीस लाखांत सांडपाण्याची पाइपलाइन टाकली, तेव्हा लक्ष्मणराव इनामदारांनी भांडून आणखी चाळीस लाख बँकेत ठेवायला लावले होते. हिशोब शेंबड्या पोरालाही कळेल असा होता. पाइपलाइन तीस वर्षं टिकते; तोवर नव्या लाइनचा खर्च चौपट होईल आणि ठेव आठपट. म्हणजे दोन पाइपलाइनींचे पैसे होतील. एक जमिनीत घालायची, दुसरीचे पैसे बँकेतच ठेवायचे, की पुढच्या तीस वर्षांनी पुन्हा तेच. असं कायमचं.

आणि झालंही अगदी तसंच. गेल्या महिन्यात नवी लाइन एक कोटी साठ लाखांत पडली आणि बँकेत बरोबर तेवढेच उरले.

संघाचा सेक्रेटरी उत्कर्ष पेढे घेऊन लक्ष्मणरावांच्या सुभानपुऱ्यातल्या घरी आला.

"दादा, तुमच्यामुळे अर्धे पैसे शिल्लक राहिले. त्यातून एसी हॉल बांधतोय. तुमचंच नाव देणार."

"ती शिल्लक नाही, पुढची पाइपलाइन आहे," लक्ष्मणराव म्हणाले.

"तिला अजून तीस वर्षं आहेत, दादा. ठरावही पास झाला. पाटीवर नावाखाली काय लिहायचं तेवढं सांगा."

लक्ष्मणरावांनी त्या एमबीए झालेल्या मठ्ठाकडे पाहिलं. याच्यापुढे डोकं फोडून घेण्यात अर्थ नव्हता.

"घे लिहून," ते म्हणाले. "इथे दोन हजार पंचावन्न सालची पाइपलाइन पुरली आहे."

उत्कर्षने ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.