तीस तोळे

पद्मजाबाईंना भीती अशी कधी वाटलीच नव्हती, कारण बँकेच्या लॉकरमध्ये तीस तोळे सोनं होतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बावीस वर्षं काढली. शेजारणी युनिटं घेत होत्या, शेअर घेत होत्या, आणि ह्या हसत होत्या. "कागद काय, आज आहे उद्या नाही. सोनं हातात दिसतं!" दर दसऱ्याला जुनं मोडून नव्या घडणीचं करायचं, आणि वजन लाल वहीत टिपायचं, हा त्यांचा नेम. मोडताना घट जाते, करताना मजुरी जाते, हे त्यांना ठाऊक होतं, पण वहीत मजुरीला रकानाच नव्हता.

म्हणून दिल्लीबाहेरच्या वैशाली वसाहतीतल्या फ्लॅटचे हप्ते सुरू झाले तेव्हा नवऱ्याचं, अंबादासरावांचं, ऐकायला त्या तयार नव्हत्या. "आधी थोडं सोनं काढू या. भाव उतरायला लागलाय," ते म्हणाले होते.

"सोनं शेवटी," बाई म्हणाल्या. मग व्याज देणारी सर्टिफिकेटं मोडली, पीएफ काढला. शहाण्णवच्या दिवाळीत एक्कावन्नशेला घेतलेलं सोनं अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत एक्केचाळीसशेवर आलं, तरी त्या हलल्या नाहीत. आता शेवटचा हप्ता उरला होता, एक लाख वीस हजार. सोमवारपर्यंत न भरल्यास बुकिंग रद्द आणि भरलेल्यातला पाचवा हिस्सा जप्त, असं बिल्डरचं पत्र होतं. पुढच्या वर्षी अंबादासरावांची रिटायरमेंट, मग चार महिन्यांत क्वार्टर खाली. दुसरं घर नव्हतं.

तीस तोळे गुणिले पेपरातला भाव, एक लाख तेवीस हजार. बाईंनी तीनदा गुणून पाहिलं होतं.

शनिवारी सकाळी तिघं चांदणी चौकातल्या एका गल्लीत विठ्ठलच्या गलाईच्या दुकानात बसली होती. सोनं वितळवून चोख करायचं हे काम दिल्लीत बरीच सांगलीकडची माणसं करतात, विठ्ठल त्यातलाच. मुलगी मैत्रेयी सोबतीला आली होती, मे महिन्यात तिचं लग्न. मराठी ऐकून बाईंना जरा धीर आला.

विठ्ठलने बोरमाळ उचलली आणि तळहातावर दोनदा तोलली. तेच बाईंना आवडलं नाही.

"ताई, वजन किती धरलंय?"

"वहीत आहे," बाईंनी पिशवीतून लाल वही काढली, "साडेसहा तोळे."

त्याने कात्रीने एक मणी कापला. आतून भरावाची काळी लाख निघून कागदावर पडली.

"पावतीवर दोन वजनं असतील बघा. एक लाखेसकट, एक नुसत्या सोन्याचं. तुम्ही मोठं लिहिलंय."

पावत्या बाईंना आठवल्या. दोन आकडे खरंच असायचे, आणि मोठा आकडा लिहिताना बरं वाटायचं.

"थांबवू का? एकदा वितळलं की परत दागिना होत नाही."

अंबादासराव त्यांच्याकडे बघत होते. सोमवार दोन दिवसांवर होता. 'चालू द्या' म्हणून बाईंनी मान हलवली.

लाख जळण्याचा वास गल्लीभर झाला. पाटल्या, बोरमाळ, ठुशी वितळवायच्या एका मुशीत गेल्या. बाहेर आली ती झिजलेल्या साबणाच्या तुकड्याएवढी पिवळी लगड. वजन दोनशे अठ्ठावन्न ग्रॅम. विठ्ठलने कसोटीवर घासून आकडा सांगितला, "चौऱ्याऐंशी टक्के. डाक दिलेला माल, ताई. वर्षानुवर्षं मोडून जोडलंय, दर वेळी डाकाची, म्हणजे जोडणीच्या हिणकस धातूची, भर. पेपरातला भाव चोख सोन्याचा असतो."

"आणि मजुरी? दर दसऱ्याला दिलेली?" बाईंचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"ती कोण परत देणार? दुकानाची पायरी उतरली की ती गेली."

शेजारच्या पेढीचा भाव लावून त्याने कागद पुढे केला. अठ्ठ्याऐंशी हजार. बत्तीस हजार कमी.

अंबादासराव रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते कागदाची घडी घालत राहिले. "चलो," ते हळूच म्हणाले, "बघू काहीतरी." बघण्यासारखं काही उरलं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

तेवढ्यात मैत्रेयीने पर्स उघडली. साखरपुड्याला आईने दिलेले गोठ आणि पोहेहार पर्समध्येच होते, आज घरी कुणी नसणार म्हणून तिने बरोबर घेतले होते. मुलीचं व्हायला हवं म्हणून बाईंनी ते तीन दसरे मोडून मोडून मोठे केले होते. वहीप्रमाणे दहा तोळे, त्या तीस तोळ्यांखेरीज.

"मैत्रेयी, ते तुझं आहे," अंबादासराव म्हणाले.

"बाबा, घरच गेलं तर मी लग्नानंतर माहेरी कुठे येणार? दहा तोळ्याचे एक्केचाळीस हजार होतात, बिल्कुल पुरतील."

तिने गोठ विठ्ठलच्या हातावर ठेवले. विठ्ठलने तेही दोनदा तोलले. त्याचा हात कात्रीकडे गेला.

"आई," मैत्रेयीने विचारलं, "यातही लाख आहे का गं?"

पद्मजाबाईंनी लाल वही पदराखाली घेतली. गोठांची पावती त्यांना स्वच्छ आठवत होती. तिच्यावरही दोन आकडे होते.