निळ्या पेशींचा निकाल

घरच्या माणसाची स्लाइड घरच्या माणसानं बघायची नाही, हा त्या प्रयोगशाळेचा नियम होता. ती तिथलीच डॉक्टर, रोज परक्यांच्या गाठी मायक्रोस्कोपखाली धरून निकाल लिहिणारी, म्हणजे नियम तिला पाठ. तरी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं ट्रेमधून दादाची स्लाइड उचललीच. आपण काही चोरी करत नाही, नुसती नजर टाकतोय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला फार हुशारी लागत नाही.

दादा तिचा सख्खा मोठा भाऊ, शाळेची बस चालवायचा. आई गेली तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती आणि त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. तिची वेणी त्यानं घातली (वाकडी), तिचा अभ्यास त्यानं घेतला (चुकीचा), आणि तिच्या डॉक्टरकीच्या फीसाठी स्वतःचं शिक्षण सोडून स्टिअरिंग धरलं. पन्नाशीच्या आतच त्याच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि आता यकृतावर डाग दिसत होते. नेहमीच्या केमोथेरपीनं ते फारसे हटत नव्हते. म्हणून त्याच्या डॉक्टरांनी गाठीची एक खास तपासणी मागवली होती. दुरुस्तीच्या प्रथिनांची.

पेशीची दुसरी पेशी होताना आतल्या डीएनएची नक्कल करावी लागते. अक्षरं अब्जावधी, त्यामुळे कुठेतरी चुकीच्या अक्षरासमोर चुकीचं अक्षर बसतंच. म्हणून नक्कल करणाऱ्याच्या पाठोपाठ दुरुस्तीची टोळी फिरत असते. दोन प्रथिनं जोडीनं चुकीची जागा हुडकतात, दुसरी जोडी कापणाऱ्याला बोलावते, नव्या धाग्यातला चुकीचा तुकडा काढून टाकला जातो आणि जागा नव्यानं भरली जाते. यातलं एक जरी प्रथिन नाहीसं झालं, तर चुका तशाच पुढे जातात, साचतात, आणि एखाद्या दिवशी नेमक्या नको त्या जागी पडतात. तपासणी सोपी होती. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं. नसेल तर मागचा निळा रंग तेवढा उरतो.

दादाच्या गाठीत निळं निघालं, तर दोष रक्तातूनच आलेला असण्याची शक्यता मोठी. आई गर्भाशयाच्या कर्करोगानं गेली होती, आईचे वडील आतड्याच्या. मग दादाच्या मुलीला आणि तिला स्वतःला तो दोष असण्याची शक्यता अर्धी अर्धी. तपकिरी निघालं, तर दोघी बहुतेक सुटल्या. एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिनं डोळा लावला. तपकिरी. गाठीच्या मधोमध तपकिरी ठिपके, दाट, ठसठशीत. मग तिनं ट्रेमधल्या त्याच्या बाकीच्या तीन प्रथिनांच्या स्लाइडही लावल्या, त्याही तपकिरी.

“काय दिसलं?” मागून थोरल्या बाईंचा आवाज आला. थोरल्या बाई म्हणजे विभागप्रमुख. डबा संपवायला त्यांना फार वेळ लागत नसे, हे ती विसरली होती.

ती दचकली, पण लपवलं नाही. “दादाची आहे. मला माहितीये, बघायला नको होती. पण बाई, चारही प्रथिनं आहेत. दुरुस्ती शाबूत आहे.”

थोरल्या बाई रागावतील असं तिला वाटलं. त्या नुसत्या समोरच्या खुर्चीत बसल्या. त्या मायक्रोस्कोपला दोन माणसांनी एकदम बघायची सोय होती. “आता बघितलीच आहेस, तर नीट बघ. आधी काय सांगायचं असतं?”

आधी गाठीबद्दल बोलायचं नाही, आधी शेजारच्या निरोगी पेशी सांगायच्या, ही बाईंची शिस्त. निरोगी पेशीत रंग चढला आहे का, हे बघितल्याशिवाय गाठीचं बोलणारा विद्यार्थी त्यांच्याकडे कधी टिकला नव्हता. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा ही पायरी गाळून पुढे गेली होती.

“कडेचं निरोगी अस्तर तपकिरी,” ती म्हणाली.

“बरं. आता मधे ये. तपकिरी कोण आहे?”

“गाठीच्या पेशी.”

“आकार सांग.”

तिनं पुन्हा डोळा लावला. तपकिरी ठिपके लहान होते. गोल, गच्च, एकसारखे. गाठीच्या पेशींची केंद्रकं मोठी असतात, वेडीवाकडी असतात. ती तिथेच होती, ठिपक्यांच्या आजूबाजूला, झुंडीनं. आणि ती निळी होती. एकूण एक निळी.

“लिम्फोसाइट्स,” तिच्या तोंडून कसंबसं आलं. त्या शरीराच्या रक्षक पेशी होत्या, गाठीत शिरलेल्या. त्यांचं प्रथिन शाबूत असणारच.

“इतक्या का शिरल्यात?” बाई परीक्षा घेतल्यासारखं विचारत होत्या, पण आवाज मऊ होता.

“गाठीत चुका फार साचल्यात. चुकांमधून परकी दिसणारी प्रथिनं तयार होतात. म्हणून त्या धावून आल्यात.”

बाईंनी बाकीच्या स्लाइडही एकेक करून बघितल्या. “चारातली दोन नाहीत. चुका हुडकणारी जोडी.” बाईंनी दिवा बंद केला. “तू तपकिरी म्हणून सोडून दिली असतीस, तर काय झालं असतं माहितीये?”

ते तिला माहीत होतं. दुरुस्ती बिघडलेल्या गाठीवर इम्युनोथेरपी चांगली चालते. गाठीनं अडवून ठेवलेल्या रक्षक पेशींना ते औषध मोकळं करतं, आणि इथे त्या दाराशी गर्दी करूनच उभ्या होत्या. दुरुस्ती शाबूत असलेल्या अशा गाठीवर ते औषध सहसा देतच नाहीत. म्हणजे भाचीची आणि स्वतःची सुटका शोधता शोधता तिनं दादाच्या तोंडचं औषध काढून घेतलं असतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

“निकाल मी लिहिते,” थोरल्या बाई म्हणाल्या. “सही माझी. तू घरी जा आणि त्याला सांग. ते काम मात्र तुझंच.”

दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता. वहिनी दुकानात गेली होती. तिनं सगळं सांगितलं, हुडकणारी जोडी, निळ्या पेशी, नवं औषध. औषधाचं ऐकून त्याचा चेहरा उजळला. मग तिनं रक्ताचं सांगितलं.

“म्हणजे हे आईकडून आलं?”

“बहुतेक. तुझं रक्त तपासलं की नक्की कळेल.”

“तंबाखूनं नाही?”

“नाही रे.”

त्यानं तिला लहानपणच्या नावानं हाक मारली. “टिकले, तुला एक सांगू? मला तंबाखूच परवडली असती. मी खाल्ली, मी भोगलं, हिशेब संपला. तुझी वहिनी रोज त्यावरून डोकं खाते, मला बरं वाटतं. आता पोरीला काय सांगू? मीच दिलं म्हणू?”

“तू दिलं नाहीस. आणि तिच्याकडे असेलच असं नाही.”

“आणि ज्यामुळे मला औषध मिळणार, तेच तिच्या मानगुटीवर बसणार?”

तिनं त्याचा हात धरला. तो हात पूर्वी स्टिअरिंगवर दगडासारखा असायचा, आता नुसती हाडं लागत होती.

त्याच्या रक्तात दोष सापडला, तपासणीवाल्यांनी डीएनएतली जागाही नेमकी सांगितली. मग पाळी दोघींची. भाची कॉलेजात होती, अंगानं बापासारखी, जिभेनं आईसारखी. “मी मोठी आहे, मी ठरवणार,” म्हणाली, आणि लगेच म्हणाली, “आत्या, तू आधी बाही वर कर. मला सुईची भीती वाटते.”

त्या बाहेर थांबल्या होत्या, तिथे एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती. मुलीच्या हातांवर हातमोजे, डोक्यावर टोपी, तोंडावर गळ्यापर्यंत पारदर्शक पडदा, उघडं असं काहीच नव्हतं. आई अतिनील किरणं मोजणारं एक छोटं यंत्र वरच्या ट्यूबलाइटकडे, मग खिडकीच्या काचेकडे धरून बघत होती.

“हिला ऊन चालत नाही,” भाची टक लावून बघतेय हे ओळखून ती आई आपणहून म्हणाली. “उन्हानं आपल्या सगळ्यांचाच डीएनए बिघडतो, पण आपला दुरुस्त होतो. बिघडलेला तुकडा कापून नवा भरायची सोय असते. हिच्यात ती कापायचीच सोय नाही. थोडं ऊन लागलं तरी कातडीवर काहीतरी उगवतं. आतापर्यंत दोन काढलेत.”

“आमच्या घरात दुसरी टोळी बिघडलीये,” भाची हळूच म्हणाली. “तुमची वेगळी.”

ती बाई हसली. “चला, म्हणजे एकाच गावातले आपण, आळ्या वेगळ्या.” मग मुलीला म्हणाली, “खिडकीकडे नको गं, इकडे सरक.”

निकालाच्या दिवशी, आनुवंशिक दोषांचं समजावून सांगणाऱ्या समुपदेशक बाईंनी दोघींना वेगवेगळं बोलवायची तयारी दाखवली. दोघींनी एकत्रच सांगा म्हटलं, आणि दादालाही आत घेतलं. औषधाचे काही डोस झाले होते, डाग आकसत होते. अजून भरवसा द्यायला कुणी तयार नव्हतं, पण तो भिंत न धरता चालत आला होता.

समुपदेशक बाईंनी आधी भाचीकडे पाहिलं. “तुझ्यात तो दोष नाही.”

दादानं डोळे मिटले. भाची रडायला लागली, आणि रडता रडता तिनं बापाच्या खांद्यावर एक गुद्दा मारला, का ते तिलाही माहीत नसावं.

मग त्या तिच्याकडे वळल्या, आणि बोलण्याआधी जरासं थांबल्या. रोज लोकांचे निकाल लिहिणारीला त्या थांबण्याचा अर्थ शब्दांआधीच कळला.

“तुमच्यात आहे.”

पोर सुटली, हे आधी मनात आलं, आणि त्याचा आनंद खरा होता, उसना नव्हता. भीती त्याच्यामागून आली, सावकाश, आणि खोलवर जाऊन बसली. समुपदेशक बाई पुढचं सांगत होत्या: ठराविक काळानं आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, गर्भाशयावरही लक्ष, कोवळी गाठ दिसली की तिथल्या तिथे काढून टाकायची. तिला सगळं माहीत होतं. तरी ती मान हलवत राहिली.

“नीट ऐकून घे,” ती दादाला म्हणाली, कारण तो काहीच ऐकत नव्हता. “पेशींना जमत नाही, ते काम आपण बाहेरून करायचं. बघत राहायचं आणि वेळेत कापायचं. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं.”

दादा उठला. सगळ्यांसमोर त्यानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, लहानपणी वेणी घालायला धरायचा तसं घट्ट.

“तुझ्या वाट्याचं सगळं मीच करत आलो,” तो म्हणाला. “एवढं एक मला घेता आलं नाही गं.”

आणि इतका वेळ कोरडी राहिलेली ती तेव्हा रडली.