दहाचे दोन झाले तेव्हा

कंपनीच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी "भविष्यातल्या वाढीसाठी" हे शब्द तिसऱ्यांदा उच्चारले आणि ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीने शेअरमागे दहा रुपयांचा लाभांश एकदम दोनवर आणला होता. जाहीर झाल्याच्या दिवशीच शंभराचा शेअर सत्तरवर आपटला.

ताई निवृत्त परिचारिका. दोन वर्षांपूर्वी फंडाचे पैसे त्यांनी इथे लावले, ते धाकट्या भावाच्या सांगण्यावरून. भाऊ शेअर दलाल होता. आत्ता तो शेजारच्याच खुर्चीत अंग चोरून बसला होता.

"ताई, उठू नकोस. चारचौघांत शोभत नाही," तो कुजबुजला.

ताई उठल्या. हातात वार्षिक अहवाल होता, आठवडाभर वाचून कोपरे दुमडलेला.

"गेली दोन वर्षं शेअरमागे कमाई आठ रुपये, वाटप दहा. म्हणजे पेआउट रेशो सव्वाशे टक्के. वरचे दोन रुपये कुठून आणलेत?"

अध्यक्ष पाणी प्यायले. "काही प्रमाणात कर्जातून. लाभांश कायम राहावा, ही भागधारकांचीच इच्छा होती."

"आणि यंदाची कपात? कर्ज फेडायला, की पुढे नफाच दिसत नाही म्हणून?"

"कर्ज कमी करणं हा मुख्य हेतू आहे. मागणीही थोडी मंदावली आहे."

ते 'थोडी' ऐकून सभागृहात कुजबुज वाढली. ताई खाली बसल्या.

बाहेर जिन्यावर त्यांनी भावाला गाठलं.

"तू मला काय सांगितलं होतंस? यील्ड दहा टक्के, डोळे मिटून घे."

"यील्ड होतंच ना दहा टक्के. शंभराला दहा."

"पण त्याआधीच्या वर्षी शेअर दोनशेला होता. तेव्हा तेच दहा रुपये पाच टक्के होते. लाभांश वाढला नव्हता, भाव निम्म्यावर आला होता. तो का पडला, विचारलंस कुणाला? नफ्यातून इतका लाभांश परवडतो का, पाहिलंस?"

भावाने मान खाली घातली. "चुकलो, ताई."

"चूक मी पोटात घातली असती. तू अहवाल उघडलाच नाहीस. पस्तीस वर्षं वॉर्डात काढली, नुसता ताप बघून कधी सुई टोचली नाही मी."

"आता विकून टाकू या. सगळेच विकतायत."

"सगळ्यांचं ऐकूनच इथवर आले. दोन रुपयांत पेआउट पंचवीस टक्क्यांवर येतो, तोही नफा टिकला तर. कर्ज खरंच फिटतंय का, ते पुढच्या तिमाहीत कळेल. निम्मे आज विक, निम्मे राहू देत. आणि माझं खातं उद्या दुसरीकडे हलवायचं. फॉर्म तूच भरून आण."

"ताई, मी सख्खा भाऊ आहे तुझा."

"म्हणून तर तेव्हा आकडे तपासले नाहीत मी."

त्या जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी भाऊ फॉर्म घेऊन आला, तेव्हा त्यांनी उंबऱ्यातच सही केली आणि त्याला आत ये म्हटलं नाही.