हाडावरचं बटण

१९८२ साली, गिरण्यांचा संप सुरू होऊन दोनेक महिने झाले होते, तेव्हा माझ्या धाकट्या भावाला, रघूला, मुलगी झाली. दुर्गा. दोन्ही कानांच्या जागी शेंगदाण्याएवढे मांसाचे गोळे आणि आत जायला भोकच नाही.

"सोनाराकडून भोक पाडून घ्या, झालं!" हे आमच्या आईचं पालुपद. शेवटी मी आणि माझी भावजय मंजुळा पोरीला घेऊन परळच्या हॉस्पिटलात गेलो. पोरीला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासलं.

"आतला कान चांगला आहे, वाट तेवढी बंद आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भोकाचं नाव काढू नका. बाहेरचा कान बरगडीच्या कूर्चेतून करतात. ती पुरेशी वाढायला सात-आठ वर्षं लागतात. आधीच कापाकापी केली तर व्रणाच्या कातडीवर तो नीट बसत नाही. पण ऐकण्यासाठी तोवर थांबून चालणार नाही. आत्ता ऐकलं नाही तर बोलायची कशी?"

काही महिन्यांनी यंत्र मिळालं. छातीवर आवाज टिपणारी डबी, डोक्याला पट्टा, पट्ट्याला बटण. ते कानामागच्या हाडावर घट्ट बसवायचं, म्हणजे आवाज हाडातून आत जातो. हॉस्पिटलात मंजुळेनं हाक मारली तशी दुर्गा हातपाय हलवायची थांबली.

घरी मात्र काही नाही. कितीही हाका मारा, पोरगी ढिम्म.

"बंद करा ते खूळ," मोर्चाहून आलेला रघू वैतागायचा.

"दार आपटलं की दचकते की!" आई म्हणायची. "येतं तिला ऐकू."

"दार ऐकू येतं गं, तुझं बोलणं कुठे येतं?" मी म्हणायचे.

"माझं बोलणं तिच्या बापालासुद्धा येत नाही."

एका दुपारी मी गिरगावाहून, माझ्या सासरहून, न कळवता लालबागच्या चाळीत आले. मंजुळा नळावर गेली होती. आईनं दुर्गेचा पट्टा सैल केला होता आणि बटण त्या मांसाच्या गोळ्यावर व्यवस्थित बसवत होती.

"आई! हे काय करतेस?"

"काय म्हणजे? कानाचं यंत्र कानावर! तुम्ही रोज मागे सरकवता, मी रोज जागेवर आणते. आणि किती आवळता गो, वळ उठलाय पोरीला."

मी कपाळावर हात मारला. मंजुळा आली तेव्हा मी बटण आईच्याच कानामागे दाबलं, आईला स्वतःचे कान बोटांनी बंद करायला लावले आणि मंजुळेला डबीशी हळू बोलायला सांगितलं.

"आत्याबाई, चहा टाकू?"

आईचे डोळे विस्फारले. "मेली हाडातनं बोलते!" मग माझ्यावरच उखडली, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवसापासून पट्ट्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही तिनं.

दुर्गा दोन वर्षांची व्हायच्या आत बोलू लागली. नवव्या वर्षानंतर टप्प्याटप्प्यानं तिचे कान झाले. भोक कधीच पाडलं नाही. स्कॅनमध्ये मधल्या कानातली छोटी हाडं पुरती घडलेली नाहीत असं दिसलं. मोठेपणी हाडात स्क्रू बसवून त्यावर छोटं यंत्र लावलं. आता ती दादरला एका वाचनालयात असते. रघूला गिरणीनं परत घेतलं नाही. वडाळ्याला वॉचमन म्हणून राबला आणि तिथूनच निवृत्त झाला. मंजुळा अजून लालबागलाच आहे, मसाल्याची ऑर्डर घेते. आई पंच्याण्णव साली गेली, आणि यंत्र लावायची खरी जागा आपणच शोधली असं शेवटपर्यंत सगळ्या चाळीला सांगत राहिली.