नावातला ‘बी’

पारोळ्याच्या बसस्टँडमागे प्रेमराजचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं. ‘आधारवर जसं नाव, तसंच फॉर्मवर,’ असं सांगून सांगून त्याचा घसा बसायचा. आणि हाच शहाणा आज धुळ्याच्या परीक्षा केंद्रावर चुकीच्या नावाचं प्रवेशपत्र घेऊन उभा होता.

आधारवर होतं प्रेमराज यू. पाटील. प्रवेशपत्रावर प्रेमराज बी. पाटील. वडिलांचं नाव उखर्डू, म्हणजे उकिरड्यावरचा. वडिलांच्या आधीची दोन भावंडं दगावली, म्हणून आजीने नजर लागू नये असं ते ठेवलेलं. गिऱ्हाइकं हसतील म्हणून प्रेमराजने दुकानाच्या पाटीवर परस्पर ‘बी.’ रंगवून घेतला होता. वडील भाईदास, असं सांगायचा. रोज पाटी वाचून वाचून तोच ‘बी’ अर्जात उतरला. लिपिकाच्या भरतीत वयाची अट ओलांडायला दोन महिने उरले होते. आज हुकलं की कायमचं हुकलं.

प्रवेशपत्रावर ‘बी’चा ‘यू’ करायला पेन खिशात वळवळलं. पण खाडाखोड केली की प्रवेशपत्रच बाद, हेही तो दहा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. निदान एक तरी उपदेश त्याने स्वतः पाळला. तासभर आधी आला होता, म्हणून तपासणीच्या रांगेत न लागता सरळ केंद्रप्रमुख सारिका मॅडमकडे गेला.

त्यांनी फोटो पाहिला, जन्मतारीख जुळवली. “बी म्हणजे कोण?”

“कोणीच नाही, मॅडम. वडिलांच्या नावाची लाज वाटली म्हणून लावलं.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “दहावीचं मूळ प्रमाणपत्र आहे?”

ते पिशवीत होतं आणि पिशवी गेटबाहेर थांबलेल्या वडिलांकडे, आबांकडे. प्रेमराज पळत गेला.

“काय व्हयनं रे?” आबांनी विचारलं.

“नावना घोय व्हयना, आबा. दहावीनं सर्टिफिकेट द्या.”

आबांनी कागद काढून दिला. मग हळूच म्हणाले, “मनं नाव चालस ना तठे?”

पाटीवर आपलं नाव नाही, हे त्यांनी केव्हाच वाचलं होतं. प्रेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चालस, आबा. तेच चालस.”

प्रमाणपत्रावर नाव पूर्ण होतं. मॅडमनी वरिष्ठांना फोन लावला, नोंद केली आणि हमीपत्र घ्यायला सांगितलं. परीक्षेला बसू देतोय, पण तात्पुरतं. निवड झाली तर कागदपत्रांच्या पडताळणीत शहानिशा होईल, आणि दुरुस्तीचा अर्ज उद्याच करायचा, असंही बजावलं.

प्रेमराजने ठळक अक्षरांत लिहिलं: ‘मी, प्रेमराज उखर्डू पाटील.’ आयुष्यात पहिल्यांदा ते नाव लिहिताना त्याचा ऊर भरून आला. खाली सही करताना त्याने ऐटीत ‘यू’ काढायला घेतला.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “सही अर्जावर केली तशीच करा. हजेरीपटावरही तीच. जुळली नाही तर परत अडकाल.”

प्रेमराजने बापाच्या नावाखाली मुकाट्याने ‘बी’ काढला.