नोटिशीचा दिवस धरून

सासूबाईंना कुठेही वेळेवर न्यायचं असेल तर एक तास आधीची वेळ सांगायची, हा त्यांच्या घरातला जुना रिवाज होता. दवाखान्यात दहाला जायचं तर नऊ सांगायचं. भानगड एवढीच, की सासूबाईंना हा रिवाज केव्हाच कळला होता. त्या सांगितलेल्या वेळेत मनातल्या मनात एक तास मिळवत आणि निवांत वेणी घालत बसत. तारखेचं असेल तर दोन दिवस मिळवत. त्यामुळे घरात कुणी कुणाला खरी वेळ सांगितल्याला बरीच वर्षं झाली होती.

जावईबापूंना हे सगळं अवघड जाई. ते यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करून देत. ‘झाकण बसल्याची खात्री करूनच बटण दाबा’ असं वाक्य ते तीनदा तपासत, कारण कुणी आधी बटण दाबलं तर? घरात त्यांना सगळे लाडाने ‘छापील’ म्हणत.

मंगळवारी संध्याकाळी सासूबाईंनी पिशवीतून एक लिफाफा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

“टपाल कार्यालयातून आलाय. परदेशातलं पार्सल म्हणे. हे मला मराठीत लिहून द्या, जावईबापू. तोंडी नको. तोंडी सांगताना तुम्ही सगळे आपापला मीठमसाला घालता.”

“मी कधी घातला?”

“तुम्ही नाही हो, तुमची बायको घालते. तुम्ही फक्त मान हलवता.”

ती सीमाशुल्काची इंग्रजी नोटीस होती. छापील वीस ओळी, मधे हाताने भरलेल्या जागा. जावईबापूंनी चष्मा पुसून ती वाचली आणि ‘वस्तूचे वर्णन’ या रकान्यापाशी थबकले.

“शिवणकामाची कात्री,” ते सावकाश म्हणाले. “पोलादी. वापरलेली. एक नग. भेट. पाठवणाऱ्या, तुमच्या ताई.”

सासूबाईंच्या आईची कात्री त्यांच्या थोरल्या बहिणीने परदेशी जाताना न विचारता नेली होती. त्यावरून दोघी बहिणी सात वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

“वापरलेली!” सासूबाई फणकारल्या. “आईने चाळीस वर्षं पोटासाठी चालवली ती. आणि हे म्हणे वापरलेली.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “मुदतीत नाही सोडवली तर?”

“पाठवणाऱ्याकडे परत जाते. शिक्का मारून, ‘घेणाऱ्याने स्वीकारली नाही’.”

“म्हणजे तिला वाटेल, मीच नाकारली.”

“हो.”

“नीट लिहा मग,” असं म्हणून सासूबाई उठल्या.

त्या गेल्या न गेल्या तोच लेक नवऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

“ऐक. शेवटची तारीख काय?”

“नोटीस चार तारखेला निघालीये. दहा दिवस, नोटिशीचा दिवस धरून. सुट्ट्यासुद्धा धरून.”

“म्हणजे तेरा. तू अकरा लिही. ती दोन मिळवेल, तेराला जाईल. झालं.”

“तेराला रविवार आहे. खिडकी बंद. ‘शेवटचा दिवस सुट्टीचा असल्यास आदल्या कामाच्या दिवशी शुल्क भरावे’ असंही लिहिलंय.”

“मग दहा लिही! ती बाराला जाईल.”

“आणि या वेळी त्यांनी दोनाऐवजी तीन मिळवले तर? आणि हे सरकारी कागदाचं भाषांतर आहे गं. त्यात मी तारीख कशी बदलू?”

“बरोबर तारीख लिहिलीस तर आई दोन दिवस मिळवणारच. सोमवारी तिथे जाईल, आणि कात्री विमानात. मग तुझं भाषांतर मावशीला दाखव. अगदी बरोबर आहे म्हणून.”

बायको म्हणत होती ते खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. जावईबापू अर्धा तास पेन चावत बसले. खरं लिहावं तर कात्री जाते. खोटं लिहावं तर आयुष्यभर झाकण न बसवता बटण दाबल्यासारखं होतं. एकदा त्यांनी ‘१०’ असं लिहिलंही, आणि आपलंच अक्षर ओळखू येईना म्हणून खोडलं.

मग त्यांच्या लक्षात आलं, की मूळ नोटिशीत शेवटची तारीख लिहिलेलीच नाही. तिथे फक्त नियम आहे. तारीख त्यांनी आणि बायकोने मोजली होती.

त्यांनी जसं होतं तसं लिहिलं. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही.

‘१. प्रथम खिडकी क्रमांक दोनवर भेटवस्तूचे घोषणापत्र भरावे. सही घेणाऱ्याने स्वतः करावी. वस्तूच्या ठरवलेल्या किमतीबद्दल हरकत असल्यास ती इथेच नोंदवावी. शुल्क भरल्यानंतर हरकत घेता येणार नाही. २. तिथे मिळालेली चिठ्ठी दाखवून खिडकी क्रमांक पाचवर शुल्क भरावे. ३. पावती आणि ओळखपत्र दाखवून खिडकी क्रमांक सातवर पार्सल घ्यावे. मुदत: नोटीस काढल्याचा दिवस धरून दहा दिवस, सुट्ट्या धरून. शेवटचा दिवस सुट्टीचा असल्यास आदल्या कामाच्या दिवशी शुल्क भरावे. शनिवारी खिडक्या दुपारी एकला बंद होतात.’

सासूबाईंनी कागद दोनदा वाचला. मग मान वर करून बारीक डोळ्यांनी पाहिलं.

“तारीख कुठाय?”

“मूळ कागदात नाही. नोटीस निघाली ती तारीख वर आहे. ती तुम्हीच पाहा, मूळ कागदावरचे आकडे तुम्हाला वाचता येतात.”

“आणि तारीख तुमच्या बायकोने तुम्हाला सांगितली असेलच.”

“सांगितली. मी लिहिली नाही.”

सासूबाईंनी मूळ नोटीस हातात घेतली, तारखेवर बोट ठेवलं आणि मग बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. चार, पाच, सहा. दाराआड लेक श्वास रोखून उभी होती. तेराला पोचल्यावर सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, ओठ मुडपले आणि एक पेर मागे आल्या.

“शनिवार,” त्या म्हणाल्या. “एकच्या आत.”

लेकीला राहवेना. “दोन दिवस मिळवणार नाहीस, आई?”

“कशात मिळवू? हे कुणी सांगितलेलं थोडंच आहे? माझं मी मोजलंय.”

शनिवारी सकाळी दहालाच त्या टपाल कार्यालयाच्या पायरीवर हजर होत्या. जावईबापू सोबत होते, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. नेहमी सासूबाई जिथे रांग छोटी तिथे उभ्या राहत. आज पाच नंबरला एकही माणूस नव्हता. त्या तिकडे वळल्याही. मग पदराआडून कागद काढून त्यांनी पहिल्या कलमावर बोट ठेवलं आणि गपचूप दोन नंबरच्या रांगेत शिरल्या.

“किमतीबद्दल काही हरकत?” खिडकीतल्या कारकून बाईंनी विचारलं.

जावईबापूंनी तोंड उघडलं आणि अट आठवून पुन्हा मिटलं.

“आहे,” सासूबाई म्हणाल्या. “फार कमी लावलीये. पण असू दे.”

कारकून बाई हसल्या आणि चिठ्ठी पुढे केली.

पाच, मग सात. पार्सल उघडायला बाकावर बसेपर्यंतही त्यांना धीर धरवेना. कात्रीच्या मुठीला आईने गुंडाळलेली निळ्या चिंधीची पट्टी तशीच होती. सासूबाईंनी तिथेच, भर दालनात, सात वर्षांनी फोन लावला.

“मिळाली,” एवढंच त्या म्हणाल्या.

पलीकडून थोरलीचा आवाज एवढा मोठा आला की जावईबापूंनाही स्पष्ट ऐकू गेलं.

“एवढ्यात? अगं, तुझ्या सत्तरीसाठी आहे ती! दीड महिना आहे अजून. तू सोडवायला उशीर करणार म्हणून मुद्दाम आधी पाठवली होती!”

सासूबाईंनी फोन छातीशी धरला आणि जावयाकडे वळून बघितलं.

“बघितलंत? सात वर्षं बोलली नाही, पण हिशेब तोच.” डोळे पुसत त्या फोनवर ओरडल्या, “पुढच्या वेळी खरी तारीख सांग गं! हल्ली मी मोजते!”