एकट्या तिच्याच मशीनवर

माझ्या बायकोच्या मते मला दूधवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांचा संशय येतो. मी म्हणतो, वीस वर्षं नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला दुसरं काय येणार? "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं," हे वाक्य रोज ऐकून ऐकून माणूस शहाणा होतो. आपोआप काही बंद पडत नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असतंच.

त्या सोमवारी आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सकाळी आठलाच बोंब झाली. रविवारी आम्ही अहवालांचा सर्व्हर शेजारच्या इमारतीत हलवला होता. जुना पत्ता बंद, नवा चालू. अकराही मशीनवर अहवालांचं पान उघडेना. मी रस्त्यातच होतो, म्हणून फोनवर विचारलं, "स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा." सगळ्यांचं उत्तर एकच: नेम नॉट रिझॉल्व्ड. म्हणजे पानाच्या नावावरून पत्ताच सापडत नाही. मला लगेच कळलं. नावांची वही सांभाळणारं आमचं छोटं मशीन हलवाहलवीत बंद राहिलं असणार.

फक्त नोंदणीवाली वेगळं बोलली. ती तपासणीचे निकाल भरते. तीन वर्षं कंत्राटावर आहे. म्हणाली, "दादा, माझं मेल उघडायला गेलं तर तुम्ही म्हणता तेच येतंय. पण अहवालांच्या पानावर कनेक्शन टाइम्ड आउट येतंय. बराच वेळ फिरतं आणि मग येतं."

"नीट वाच," मी म्हणालो. "एका मशीनवर दोन-दोन तक्रारी येत नाहीत."

"नीटच वाचतेय हो."

मी फोन ठेवला. काम टाळायचं असलं की लोक काहीही वाचतात.

पोहोचल्यावर ते छोटं मशीन चालू केलं. साडेनवाला दहा मशीन सुरळीत झाली. अकरावं तिचं. मेल उघडत होतं, बाकीच्या साइट उघडत होत्या, फक्त अहवालांचं पान नाही. टाइम्ड आउट. तिच्या टेबलावर निकालांच्या कागदांचा गठ्ठा वाढत होता.

तेवढ्यात व्यवस्थापकबाई आल्या. हातात एक टाइप केलेलं पत्र होतं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिचं कंत्राट आज संपवतेय. शुक्रवारी रजा नाकारली तेव्हा म्हणाली होती, मग बघाच. आता बघा, एकट्या तिच्याच मशीनवर कसं अडलं? दुपारी बाराला मालकांसमोर ठेवायचंय. तुम्ही फक्त लिहून द्या, की तिनं मुद्दाम काहीतरी केलं."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. दहा चालतात आणि एक चालत नाही, तर त्या एकावर बसणारा माणूस कोण, हाच प्रश्न मी आधी विचारतो.

"मी बघतो," म्हणालो.

नोंदणीवाली खुर्चीतून उठून भिंतीला टेकून उभी राहिली. तिला पत्राचा अंदाज आलेला होता. हात ओढणीत घट्ट गुंडाळले होते. मला तेही संशयास्पद वाटलं.

मी कामाला लागलो. टाइम्ड आउट म्हणजे पत्ता मिळाला, मशीन तिथवर गेलं, दार वाजवलं आणि आतून कुणी ओ दिली नाही. नाव सापडत नाही ही तक्रार वहीची, दार उघडत नाही ही तक्रार पत्त्याची किंवा वाटेची. वाट ठीक होती, कारण तीच वाट शेजारच्या टेबलावरून चालत होती. म्हणून मी वहीला थेट विचारलं. वहीनं नवा पत्ता दिला, चाळीस आकड्यानं संपणारा. मग तिच्या मशीनला सांगितलं, त्या नावाला हाक मार. ते निघालं चौदाकडे. चौदा म्हणजे जुना पत्ता, कालच बंद केलेला.

जुनं काही लक्षात राहिलं असेल म्हणून मशीनची ती आठवण पुसली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तरी चौदाच.

आणि मग सकाळचा फोन आठवला. आठ वाजता वही बंद होती. कुणालाच कुठलंच नाव सापडत नव्हतं. तरी हिच्या मशीनला अहवालांचा पत्ता मिळत होता. वही बंद असताना पत्ता आला कुठून? मशीनमध्येच कुणीतरी हातानं लिहून ठेवला असेल तरच. ती खरंच वाचत होती. एकाच मशीनवर दोन तक्रारी येऊ शकतात, आणि त्याच आल्या होत्या.

तशी एक फाइल प्रत्येक मशीनमध्ये असते. मशीन वहीच्या आधी ती बघतं. "पण ती बदलायला मुख्य पासवर्ड लागतो," मी पुटपुटलो.

टेबलापलीकडे उभ्या बाईंनी ते ऐकलं. "म्हणजे पासवर्डही चोरला!" त्यांचा आवाज चढला.

"मला कुठला पासवर्ड माहीत नाही," नोंदणीवाली म्हणाली. "दादांना विचारा."

मी तिच्याकडे रोखून बघितलं. दोन मिनिटं तरी मी तिला चोर समजलो, हे मला सांगायलाच हवं. ड्रॉवर, चिठ्ठ्या, माझ्या पाठीमागून डोकावणं, सगळं मनात रचून झालं.

मग फाइल उघडली. खाली एकच ओळ होती. चौदाचा पत्ता, पुढे अहवालांचं नाव. वर एक टीप: "तात्पुरतं. वही दुरुस्त झाली की काढणे." शेजारी दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि माझी अद्याक्षरं.

मला ती दुपार आठवली. वही सारखी बंद पडत होती, निकाल अडले होते, आणि हिचं टेबल दाराजवळ म्हणून पहिल्यांदा इथे बसून पत्ता हातानं लिहिला. उद्या काढतो म्हणालो. बाकीच्या मशीनवर लिहायच्या आतच वही दुरुस्त झाली, दोन वर्षं पत्ता तोच राहिला, म्हणून काही अडलं नाही आणि मी विसरलो. काल पत्ता मीच बदलला.

बाई पलीकडे होत्या. स्क्रीन त्यांना दिसत नव्हती. ओळ पुसायला एक सेकंद लागला असता. "झालं दुरुस्त, कारण कळलं नाही," एवढं म्हणालो असतो, तर माझी वीस वर्षं शाबूत आणि पत्र मालकांच्या टेबलावर. बोट कळीवर होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मी स्क्रीन बाईंकडे वळवली. "हे मी लिहिलंय. काढायला विसरलो. हिनं काहीही केलेलं नाही."

बाईंनी टीप वाचली, तारीख वाचली. "पण शुक्रवारी ती..."

"शुक्रवारचं शुक्रवारी. हे माझं आहे. मालकांना मीच सांगतो आणि लिहूनही देतो."

त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा घातली आणि निघून गेल्या. मी ओळ काढली. पान झटकन उघडलं.

नोंदणीवाली खुर्चीत बसली. मी तिथेच उभा राहिलो. ती काहीतरी बरं बोलेल, निदान हसेल, असं मला वाटत होतं. कशाची वाट बघत होतो कोण जाणे.

तिनं पहिला कागद ओढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, तुम्ही मला वाचवलंत असं कुणाला सांगू नका. सकाळी आठला मी खरं तेच वाचून दाखवलं होतं."